चित्राखालची एक ओळ : प्रकल्पातील एआय चित्रे आणि प्रामाणिक नोंद



प्रकल्पाच्या वह्या जमा होण्याचे दिवस जवळ आले की चितेगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी वाढते. पूर्वी मुलं तिथं चित्रांचा छापील तक्ता मागायची. आता मोबाईल पुढे करून "सर, हे एआयचं चित्र रंगीत काढून द्या" म्हणतात. काही ठिकाणी तर चित्रही दुकानदारच तयार करून देतो. मग शिक्षकांच्या खोलीत प्रश्न येतो : हे चालू द्यायचं की बंद करायचं?

माझं मत आधीच सांगतो. सरसकट बंदी नको. पण वहीच्या शेवटच्या पानावर "काही चित्रे एआयच्या मदतीने घेतली आहेत" अशी एक ओळ लिहिली म्हणजे प्रामाणिकपणा झाला, हेही मला मान्य नाही. असं का म्हणतो, ते एका वहीवरून सांगतो. त्या वहीच्या बाबतीत चूक माझीही झाली होती.

नववीच्या जलसुरक्षा विषयासाठी एका मुलाने 'आमच्या परिसरातील विहिरीची पाणीपातळी' हा प्रकल्प केला. कामात कसूर नव्हती. सुतळीला दर मीटरवर गाठ मारून, टोकाला दगड बांधून, त्याने काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर तीन वेळा मोजलं. ऑक्टोबरमध्ये साडेतीन मीटर, जानेवारीत सहा आणि मेमध्ये अकरा. तक्ता नीट आखलेला, आलेखही बरोबर. वहीत तीन चित्रं होती आणि तिन्ही एआयने तयार केलेली. शेवटच्या पानावर ती वरची ओळ होती. मी वही चाळली, चित्रं पाहून खूश झालो आणि प्रदर्शनात तिला पहिला क्रमांक दिला. त्याच वर्गातल्या एका मुलीने ढासळलेला कठडा, मोटारीचा पाइप आणि आत पडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, असं आपल्या शेतातल्या विहिरीचं पेन्सिलचित्र काढलं होतं. ती दुसरी आली.

नंतर वही निवांत वाचली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. 'मे महिन्यातील आमची विहीर' असं नाव दिलेल्या चित्रात पाणी काठाच्या हातभर खाली होतं. शेजारच्याच तक्त्यात लिहिलं होतं अकरा मीटर! वर लाकडी रहाट, मागे नारळाची झाडं आणि डोक्यावर घडे घेतलेल्या बायका. आता तुम्हीच सांगा, आपल्या पैठण रस्त्याच्या शिवारात मे महिन्यात अशी विहीर कुणी पाहिली आहे? पोराने उन्हात उभं राहून केलेलं खरं मोजमाप त्याच्याच चित्राने खोटं पाडलं होतं. आणि 'काही चित्रे' म्हणजे नेमकी कोणती, हे शेवटच्या पानावरच्या ओळीवरून कळत नव्हतं.

म्हणून पहिला नियम चित्राच्या कामावरून ठरवावा, असं मला वाटतं. प्रकल्पातलं चित्र तीनपैकी एक काम करतं. ते पुरावा असतं : "मी हे पाहिलं." किंवा ते समजावून सांगतं : "हे असं चालतं." नाहीतर ते सजावट असतं, जसं मुखपृष्ठ. पुराव्याच्या जागी तयार केलेलं चित्र अजिबात नको, खाली कितीही मोठी नोंद लिहिली तरी नको. मोबाईल नसेल तर पेन्सिलचित्र चालेल. पेन्सिलचित्र वाकडं असलं तरी काढणारा तिथं उभा होता. एआयने मात्र ती विहीर पाहिलेलीच नसते. शिकताना पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ते 'गावची विहीर' या शब्दांना शोभेल असं काहीतरी जुळवतं. म्हणून तर नारळ येतात आणि मोटारीचा पाइप येत नाही.

इथं एक बारीक गोष्ट आहे. फोटो खरा, पण मोबाईलमधल्या खोडण्याच्या सोयीने त्यातला कचरा किंवा पाइप काढून टाकला, तर? उजेड वाढवणं किंवा कडा कापणं ठीक आहे, कारण जे होतं तेच दिसतं. वस्तू काढली किंवा घातली, की त्या जागी मशीनने बनवलेला भाग बसतो. तो फोटो मग पुरावा राहत नाही. त्यातून विहिरीत कचरा होता, ही तर जलसुरक्षेच्या प्रकल्पातली सर्वांत कामाची नोंद!

दुसरं काम समजावण्याचं. त्या वहीतलं दुसरं चित्र जमिनीच्या आतल्या पाण्याचं होतं. वर हिरवं शेत, खाली निळंशार तळं. आपल्या भागात जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. पावसाचं पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं, तिथूनच विहिरीत झिरपतं. खाली तळं नाही. साठायला जागाच थोडी, म्हणून तर पातळी ऑक्टोबर ते मे इतकी उतरते. म्हणजे मुलाच्या तक्त्याचं उत्तर ज्या आकृतीत हवं होतं, तिनेच ते झाकलं. शिवाय नावंही धड नव्हती, 'मुरूम'चं 'मुमरूम' झालं होतं.

कुणी म्हणेल, "त्याने एआय वापरल्याचं सांगितलं तर होतं!" सांगणं पुरेसं नसतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायोलॉजी' या शास्त्रीय नियतकालिकात एक लेख आला. त्यात उंदराच्या शरीराची आकृती होती. अवयव अशक्य आकाराचे आणि त्यांना दिलेली नावं कोणत्याच भाषेत न बसणारी. विशेष म्हणजे आकृत्या मिडजर्नी या साधनाने बनवल्या आहेत, असं लेखकांनी लेखातच लिहिलं होतं. लपवलं काहीच नव्हतं. तरी वाचकांनी चुका दाखवल्या आणि काही दिवसांतच लेख मागे घ्यावा लागला. कारण साधनाचं नाव सांगितलं, म्हणून आकृती बरोबर ठरत नाही.

म्हणून समजावणाऱ्या आकृतीसाठी एआय चालेल, पण दोन अटींवर. आकृतीतली नावं मुलाने स्वतःच्या हाताने लिहावीत आणि प्रत्येक भाग पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावा. नाव लिहायला पेन टेकवला, की "इथं नेमकं काय आहे?" हा प्रश्न पडतोच. तो पडला असता तर त्या निळ्या तळ्याला काय नाव द्यायचं, इथंच मुलगा अडला असता.

आता नोंद कशी असावी? चित्राच्या लगेच खाली, त्याच पानावर, पेनने लिहिलेली. संगणकात साठवलेल्या चित्राला काही कंपन्या छुपी खूण जोडतात, पण आपल्या वहीत येतो तो छापील कागद, आणि शिक्षक कागदाकडे पाहून ती खूण वाचू शकत नाही. तिथं हाताने लिहिलेली ओळच साक्षीदार. त्या नोंदीत चार गोष्टी याव्यात : चित्र कशाने आणि कुणी बनवलं, काय सांगून बनवलं, त्यात काय काल्पनिक आहे आणि काय तपासलं. नमुना असा :

"आकृती २. एआय साधनाने माझ्या दादाने तयार केली. सूचना : 'विहिरीचा उभा छेद, वर माती, मग मुरूम, खाली भेगांचा काळा खडक.' ही आमच्या विहिरीची आकृती नाही, थरांची जाडी काल्पनिक आहे. थरांचा क्रम पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिला. पहिल्या चित्रात खाली तळं दिसत होतं, म्हणून ते रद्द केलं. नावं मी लिहिली."

पाहा, या पाच-सहा ओळींतून मुलाला विषय कळला की नाही, तेही दिसतं. "दादाने" हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. दुकानदाराने बनवलं असेल तर "दुकानातून करून घेतलं" असंच लिहावं. मुखपृष्ठासाठी मात्र एवढं लांबण नको, "मुखपृष्ठ : एआय चित्र" पुरे.

यावर एक सहकारी म्हणाले, "अहो, आपण वर्षानुवर्षं छापील तक्त्यातली चित्रं कापून चिकटवू देतो. तेव्हा कुठं नोंद मागितली?" मुद्दा बरोबर आहे. पण तक्त्यातली विहीर पाहून ती चिकटवणाऱ्याच्या शेतातली आहे, असं कुणालाच वाटत नव्हतं. फोटोसारखं दिसणारं चित्र आणि खाली 'आमची विहीर', यात वाचणारा फसतो. मीही फसलोच की!

शेवटचा प्रश्न गुणांचा, आणि तो आम्हा शिक्षकांसाठी आहे. नोंद लिहिली म्हणून गुण कापले, तर पुढच्या वर्षी एकही मूल खरं लिहिणार नाही. म्हणून नोंदीला दंड नको आणि चकचकीत चित्राला जादा गुणही नकोत. पुराव्याच्या जागी बनवलेलं चित्र आढळलं, तर त्या चित्राचे गुण शून्य आणि पुन्हा करायला आठ दिवस. चित्र कोणत्या साधनाने बनलं हे ओळखणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबून कुणावर आरोप करू नये, ती खऱ्यालाही खोटं ठरवतात. त्यापेक्षा मुलाला समोर बसवून विचारावं : "तू कुठं उभा होतास? ऊन कोणत्या बाजूला होतं? विहिरीत उतरायला पायऱ्या आहेत का?" फोटो असेल तर त्याच्याच मोबाईलमधली मूळ प्रत पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो नको, कारण त्यात काढल्याची तारीख-वेळ सहसा उरत नाही.

त्या मुलाला मी हेच प्रश्न विचारले. तो सगळं सांगत गेला. सुतळीची गाठ ओली कुठवर झाली, मेमध्ये दगड तळाला लागल्याचा आवाज कसा आला, सगळं. मी विचारलं, "मग फोटो का नाही काढलास?" तो म्हणाला, "सर, आमची विहीर चांगली दिसत नाही."

हे उत्तर माझ्याच निकालाने त्याला शिकवलं होतं. यंदा प्रदर्शनात त्या मुलीचं पेन्सिलचित्र मी पहिल्या फळ्यावर लावणार आहे. तुमच्या शाळेत चित्राखालची ही ओळ सुरू केलीत, तर अनुभव जरूर कळवा.