लेन्स पुसली, साहेब. आता पुढचं बोला

रामनगर, वाराणसी

विक्रीपश्चात सेवा विभागाचे प्रमुख यांस,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिणार होतो, पण आपल्या सेवा केंद्राच्या पाच फेऱ्यांनंतर तो शब्द लेखणीतून उतरेना.

माझ्या तीन तक्रारी आपल्याकडे नोंदलेल्या आहेत. तिन्ही ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केलेल्या आहेत. निराकरण कुणाचं झालं ते मला कळलेलं नाही. माझा फोन आजही पानासमोर धरला की पुढेमागे चाचपडतो, क्षणभर अक्षर लख्ख दिसतं, पुन्हा विरघळतं, आणि बटण दाबावं तर नेमका विरघळलेला क्षणच पकडला जातो. गंगा ओलांडून आपल्या केंद्रात जायचं म्हणजे जाऊन-येऊन १६ किलोमीटर. पाच फेऱ्यांचे ८० झाले. इथे रामलीला महिनाभर लाउडस्पीकरशिवाय चालते आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही संवाद ऐकू जातो. आपल्याकडे टोल-फ्री क्रमांक आहे, तरी माझं एक वाक्य वरपर्यंत पोचलं नाही.

ते वाक्य असं: हा बिघाड लेन्सच्या डागाचा नाही, कव्हरचा नाही, मोटरचाही नाही, गणपतीत आलेल्या आपल्या अपडेटचा आहे.

मी काय करतो ते सांगून ठेवतो, कारण केंद्रातल्या मुलाला वाटलं मी फुलांचे फोटो काढतो. आमचं घराणं मूळ ब्रह्माघाटावरचं. पणजोबांच्या काळचे हिशेब आणि पत्रं मोडीत आहेत, ती उतरवून घेण्याआधी मी त्यांचे फोटो काढतो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि मग बोरू फारसा न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचा. फोकस केसभर जरी सुटला तरी अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि वाचणारा अंदाज बांधत बसतो. अपडेटच्या आधी ४१२ पानं निघाली. सगळी वाचता येतात. नंतरच्या ९० पानांपैकी ३७ पुन्हा काढावी लागली. खिडकी तीच, पाट तोच.

पहिल्या फेरीला उत्तर मिळालं, “लेन्स पुसा. लस्सी खाऊन हात लागला असेल.” रामनगरची लस्सी मलई घालून येते, बोट लागतं, हे मान्य. पण सायीचा किंवा तेलाचा डाग फोटोत कसा दिसतो हे आपल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. डागाने अख्ख्या चित्रावर दुधाळ पडदा येतो आणि जळत्या बल्बचा फोटो काढला तर त्याच्याभोवती वलय किंवा तिरपी रेघ उमटते. हे जवळच्या पानातही दिसतं आणि लांबच्या घाटातही, कारण डाग अंतर ओळखत नाही. मी मऊ कापडाने लेन्स पुसली, बल्बचा फोटो काढला, वलय नव्हतं. किल्ल्याच्या कडेला उभं राहून पलीकडचे घाट टिपले, पायऱ्या मोजता आल्या. पानासमोर मात्र चाचपडणं होतं तसंच.

दुसऱ्या फेरीला कव्हरवर बोट ठेवलंत, आणि इथे अर्धी चूक माझी होती. स्कूटरवर फोन चिकटवायला मी मागे चुंबकाची चकती असलेलं कव्हर घेतलं होतं. फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स हलवणारी मोटर म्हणजे चुंबकाशेजारची तारेची गुंडाळी. तिच्यातला विद्युतप्रवाह बदलला की लेन्स मिलिमीटरच्या अंशाने सरकते. लेन्स कुठे आहे हेही बऱ्याच फोनमध्ये चुंबकीय संवेदकच सांगतो. शेजारी परकं चुंबक आलं की हा हिशेब बिघडतो. कव्हर काढल्याबरोबर दूरच्या दृश्याला अधूनमधून बसणारा हिसका थांबला. स्कूटरच्या दांड्यावर फोन लावणंही मी सोडलं. इंजिनाची थरथर सतत बसली तर अशी यंत्रणा निकामी होऊ शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये मोटारसायकलस्वारांना दिला होता.

लेन्सवरची काच मात्र माझी नव्हे. ती आपल्याच केंद्रात, आपल्याच माणसाने, ‘संरक्षण’ म्हणून २५० रुपये घेऊन बसवली. माझ्या फोनला अंतर मोजायला एक लेझरची खिडकी आहे. तिच्यातून अदृश्य प्रकाश जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परततो, आणि त्या वेळेवरून अंतर निघतं. वर जादा काच बसवली की थोडा प्रकाश काचेवरूनच माघारी येतो आणि फोनला वाटतं वस्तू नाकासमोर आहे. अंधाऱ्या खोलीत, जिथे फोन या खिडकीवर जास्त विसंबतो, तिथे माझा फोन दाराकडे रोखला तरी जवळचाच फोकस धरायचा. काच काढली, तो दोष गेला. २५० रुपये गेले ते गेलेच.

म्हणजे डाग, चुंबक, काच, तिन्ही बाजूला झाली. पानासमोरचं चाचपडणं उरलं. तिसऱ्या फेरीला आपण फोन कोरा करून दिलात, उरलं. चौथ्या फेरीला म्हणालात कॅमेऱ्यात ओल शिरलीय, मोटर गेलीय. ६,८४० रुपये घेऊन कॅमेरा बदललात. तरी उरलं! पाचव्या फेरीला आपल्या माणसाने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून “अंकल, हात हलता होगा” म्हटलं.

तेव्हा मी घरी बसून मोजायचं ठरवलं. हाताचा प्रश्नच नको म्हणून फोन दोन डब्यांवर आडव्या फळीत बसवला, लेन्स खाली पानाकडे, आणि तीन सेकंदांचा टायमर लावला. (हात हलल्याची धूसरता एका दिशेला ओढलेली असते, माझ्या फोटोंतली चहूकडे सारखी आहे.) लाकडी पट्टी उभी धरून अंतर मोजलं. प्रत्येक अंतरावर २० फोटो, आणि दर फोटोआधी पुठ्ठा आडवा धरून काढला, म्हणजे फोकस नव्याने शोधावा लागेल. ३५ सेंटिमीटरवर २० पैकी २० स्वच्छ. १२ सेंटिमीटरवर १९. पण २२ सेंटिमीटरवर, म्हणजे मोडीचं पान चौकटीत नेमकं मावतं तिथे, २० पैकी ९.

मोटर गेली असती तर असा एकच पट्टा खराब झाला नसता. तरीही खात्री करून घेतली. त्याच २२ सेंटिमीटरवर प्रो मोडमध्ये गेलो, फोकसची पट्टी हाताने सरकवली. अक्षर विरघळत विरघळत लख्ख झालं आणि तिथेच थांबलं. २० पैकी २०. थकलेली मोटर लेन्स खाली झुकली की तिला धरून ठेवू शकत नाही, भिंतीकडे बरी चालते आणि जमिनीकडे घसरते. माझा फोन जमिनीकडेच रोखलेला होता आणि घसरला नाही. मग दुसरं एक कॅमेरा ॲप घेतलं, जे फक्त मुख्य लेन्स वापरतं. फोकस स्वयंचलित ठेवला. पुन्हा २० पैकी २०. तीच लेन्स, तीच मोटर, तेच पान. बदललं होतं फक्त आपलं ॲप.

आणि आता ते दृश्य, जे आपल्या अभियंत्यांना दाखवावं असं मला फार वाटतं. मोठ्या सेन्सरच्या मुख्य लेन्सला फार जवळचं दिसत नाही. म्हणून वस्तू जवळ आली की आपलं ॲप गुपचूप शेजारच्या रुंद लेन्सवर उडी मारतं. मी त्या रुंद लेन्सवर काळी चिकटपट्टी लावली आणि फोन २२ सेंटिमीटरवर ठेवला. पडद्यावर पान दिसलं. मग अंधार. मग पान. मग अंधार. दहा सेकंदांत सात वेळा! फोन फोकस शोधतच नव्हता. तो दोन लेन्समध्ये ये-जा करत होता, आणि दर उडीनंतर नव्याने फोकस धरायला जाऊन अर्ध्यावर पुन्हा उडत होता.

फ्रीजचा थर्मोस्टॅट ज्याने बनवला त्याला हे समजतं. बंद व्हायचं तापमान आणि सुरू व्हायचं तापमान यांत थोडं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर कॉम्प्रेसर मिनिटाला दहादा खटखटतो. आपल्या ॲपला आत जायची आणि बाहेर यायची हद्द एकच दिलेली दिसते. शिवाय आधी ‘जवळचा फोटो’ या नावाचं एक बटण होतं, ते बंद करून मी ४१२ पानं काढली. गणपतीतल्या अपडेटने ते बटण नाहीसं केलं.

हे दुखणं जगात पहिल्यांदा झालेलं नाही. २०२१ मध्ये आयफोन १३ प्रो असाच आपोआप लेन्स बदलायचा. लोक वैतागले आणि ऑक्टोबरमध्ये आयओएस १५.१ बरोबर ते बंद करायचं बटण आलं. पुढच्या वर्षी आयफोन १४ प्रोचा कॅमेरा काही ॲपमध्ये थरथरायला लागला, तो आयओएस १६.०.२ ने थांबवला. कॅमेऱ्याचा भागच सदोष निघाला तेव्हा, म्हणजे २०१५ मध्ये आयफोन ६ प्लसच्या धूसर फोटोंबाबत, तो भाग फुकट बदलून दिला. कुठलीही कंपनी साधुसंत नसते. पण सॉफ्टवेअरचा दोष सॉफ्टवेअरने आणि यंत्राचा दोष यंत्राने दुरुस्त करायचा असतो, इतपत फरक केला गेला. आपण सॉफ्टवेअरच्या दोषासाठी माझ्याकडून यंत्राचे पैसे घेतलेत. आणि २२ सेंटिमीटरवर २० पैकी ९ आले ते कॅमेरा बदलल्यानंतरच.

म्हणून मागणं नाही, हिशेब मांडतो. ६,८४० परत हवेत, कारण निदान चुकीचं होतं आणि जुना कॅमेरा मागितला तर तो ‘पॉलिसीत बसत नाही’ म्हणून दिलाही नाहीत. २५० परत हवेत. ते बटण परत हवं. आणि माझ्या तिसऱ्या तक्रारीवरचा ‘निराकरण झाले’ हा शेरा खोडून तिथे खरं काय ते लिहायला हवं, कारण ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे आणि पुढे जिल्हा आयोगात गेलो तर तो कागद तिथे लागेल.

अजून २६० पानं उरली आहेत. कडा झडायला लागल्या आहेत, थंडीत धुक्याचा ओलावा बसतो. तोवर मी प्रो मोडमध्ये एकेक पान हाताने काढतो आहे. पानं फुगलेली, त्यामुळे दर पानाला पट्टी पुन्हा सरकवावी लागते. तासाला कशीबशी १५ होतात.

सहाव्यांदा बोलावलंत तर येईन. पाट, लाकडी पट्टी आणि काळी चिकटपट्टी बरोबर आणीन. २२ सेंटिमीटरवर वीस फोटो आपल्या माणसाने काढायचे, माझ्यासमोर, लेन्स स्वतः पुसून.

आपला,
बंद केलेल्या तीन तक्रारींचा धनी