दहा प्रयोग, पण गावे पाचच

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचे भात काढणीला आले की पीक कापणी प्रयोग सुरू होतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळाला प्रमुख पिकाचे किमान 10 प्रयोग ठरवून दिलेले आहेत. भरपाई ठरवताना त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहिली जाते. मग या सरासरीचा विश्वास अंतराल किती रुंद असतो, हे आपण सांगायलाच हवे.

समजा, खाचराखाचरांतील उत्पन्नाचे प्रमाण विचलन सरासरीच्या 30 टक्के आहे. दहा प्रयोगांची प्रमाणित चूक 30 भागिले √10, म्हणजे 9.5 टक्के. केंद्रीय सीमा प्रमेयावर विसंबून तिला 1.96 ने गुणले की ±19 टक्के येतात. आपल्यापैकी बरेच जण इथेच थांबतात.

पण सुखात्मे-पानसे यांनी घालून दिलेल्या पद्धतीत आधी गाव निवडतात, मग त्या गावातली दोन शेते. घाटघर-रतनवाडीकडचा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो, त्यामुळे एकाच गावची दोन खाचरे एकमेकांसारखीच पिकतात. या साम्याचा सहसंबंध 0.4 धरला तर विचरण 1.4 पट होते आणि प्रमाणित चूक 11.2 टक्क्यांवर जाते. शिवाय स्वतंत्र एकके पाचच, म्हणून 1.96 ऐवजी चार स्वातंत्र्यमात्रांचे टी-मूल्य 2.78 घ्यावे लागते. अंतराल ±31 टक्के होतो. एवढ्या रुंद अंतरालावर शेतकऱ्याची भरपाई ठरवणे मला मान्य नाही. त्यातून एखाद्या गावात भात आडवा झाला असेल, तर पाच गावांच्या सरासरीचे वितरण प्रसामान्य धरणेही धाडसाचे ठरते. पाचही गावांच्या सरासऱ्या एका रेषेवर मांडल्या की एखादे गाव दूर पडलेले लगेच दिसते.

आता उलट गणित करू. अंतराल ±15 टक्के हवा असेल तर n = (1.96 × 30 ÷ 15)², म्हणजे 16. टी-मूल्य घालून पुन्हा सोडवले की 18. पण ही 18 गावे हवीत, प्रत्येकात एक खाचर. गावामागे दोन खाचरे घेतली, तर तेवढ्याच अचूकतेसाठी 28 प्रयोग आणि 14 गावे लागतात. मंडळात एकूण गावेच थोडी असतील तर निवडीचा अंश मोठा होतो आणि गावागावांतील फरकामुळे येणारी चूक त्या प्रमाणात घटते. सर्वच गावे घेतली तर ती उरतच नाही.

यातले 30 टक्के आणि 0.4 हे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत. आपापल्या मंडळाचे आकडे मागच्या हंगामांच्या प्रयोगनोंदींतून काढता येतात. त्यासाठी गावातील दोन खाचरांमधला फरक आणि गावागावांतला फरक वेगवेगळा मोजावा. सहसंबंध शून्याजवळ आला, तर गावामागे दोन खाचरे घेण्यात काही बिघडत नाही आणि प्रवास वाचतो. तो 0.4 च्या आसपास आला, तर पुढच्या खरिपाच्या नियोजनात प्रयोगांआधी गावे वाढवावीत.