हवा बदलली की हवामान? पावण्यातल्या पावसावरून सहा प्रश्नांची परीक्षा

२६ मे २०२५ रोजी मान्सून मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. आधीचा सर्वात लवकर येण्याचा विक्रम २९ मेचा होता, तो मोडला. त्या आठवड्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पावणे एमआयडीसीच्या बसथांब्यावर किंवा चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येणे साहजिक होते : ‘हवामानच बदललंय आता.’

वाक्य चुकीचे आहे असे लगेच म्हणता येत नाही आणि बरोबर आहे असेही म्हणता येत नाही. गोंधळ इथेच सुरू होतो. त्यात थोडा दोष आपल्या भाषेचा, आणि बराचसा बातम्या लिहिणाऱ्यांचा आहे.

शाळेच्या भूगोलात दोन वेगळे शब्द आहेत. एखाद्या ठिकाणची, एखाद्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे ‘हवा’. अनेक वर्षांच्या नोंदींवरून कळणारी त्या ठिकाणच्या हवेची सर्वसाधारण स्थिती म्हणजे ‘हवामान’. शब्दातला ‘मान’ हा तापमान, पर्जन्यमान यांतला आहे, म्हणजे मोजमापाचा. पण मूल पुस्तक मिटून मोबाइल उघडते तेव्हा दिसतो ‘आजचा हवामान अंदाज’. दोन दिवस ‘हवामान कोरडे राहील’. त्याखाली आणखी एक बातमी, ‘हवामान बदलाचा शेतीला फटका’. पहिल्या दोन ठिकाणी शब्द हवेबद्दल आहे, तिसऱ्या ठिकाणी खऱ्या अर्थाने हवामानाबद्दल. राज्य सरकारच्या खात्याच्या नावात तर तिसराच शब्द आहे, ‘वातावरणीय बदल’. परीक्षेत व्याख्या बरोबर लिहिणारा विद्यार्थी बाहेर पडल्यावर गडबडला, तर त्यात त्याची चूक थोडी आहे.

म्हणून व्याख्या पुन्हा पाठ करण्यापेक्षा नेहमी कानावर पडणारी सहा वाक्ये तपासून पाहा. प्रत्येक वाक्याला आधी मनात ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणा, मग पुढे वाचा.

प्रश्न १. मान्सून दरवर्षी लवकर येऊ लागला आहे.

चूक. पण ही चूक कशी होते ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत मान्सून २०२३ मध्ये २५ जूनला, २०२४ मध्ये ९ जूनला आणि २०२५ मध्ये २६ मेला आला. आलेखाच्या कागदावर हे तीन बिंदू मांडा. जवळजवळ सरळ रेषा मिळते, दरवर्षी सुमारे पंधरा दिवस आधी. गणिताच्या तासाला अशी रेषा मिळाली तर विद्यार्थी खूश होईल.

आता हीच रेषा पुढे न्या. २०२६ मध्ये मान्सून ११ मेच्या सुमारास यायला हवा, २०२७ मध्ये एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. २०३४ मध्ये तो ११ जानेवारीला येईल, म्हणजे संक्रांतीच्या तीन दिवस आधी तिळगुळावर पाऊस. रेषा काढताना चूक झालेली नाही, बिंदूच अपुरे होते. थोडे मागे गेले की रेषा मोडते, कारण २०१९ मध्येही मान्सून २५ जूनलाच आला होता. आणि २९ मेचा जुना विक्रम १९५६ सालचा आहे.

एका वर्षाची तारीख ही हवेची गोष्ट आहे. त्या वर्षी अरबी समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र कुठे तयार झाले, वारे कधी जोर धरतात, यावर ती पुढेमागे होते. हवामान पाहायचे तर किमान तीस वर्षांच्या नोंदी घ्याव्यात असा जागतिक हवामान संघटनेचा संकेत आहे. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. तीस वर्षे एवढ्यासाठी की एखादे विचित्र वर्ष बाकीच्या एकोणतीस वर्षांत मुरून जावे.

प्रश्न २. अंदाज मुसळधारचा होता, आमच्याकडे थेंबही पडला नाही, म्हणजे अंदाज चुकला.

नेहमीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच शहरात, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला सुमारे ७३ मिलिमीटर. कुलाब्यात खिडकीत बसलेल्या माणसाला तो पावसाळ्यातला साधा दिवस वाटला असेल. हवा इतक्या कमी अंतरात बदलते. खाडीच्या अलीकडे पावणे आणि पलीकडे मुलुंड यांचा पाऊस एका दिवशी जुळलाच पाहिजे असे काही नाही. सबंध पावसाळ्याच्या सरासरीत मात्र हे अंतर बरेच मिटते.

त्याच दिवसाचा आणखी एक हिशेब करून पाहा. सांताक्रूझचा जुलै महिन्याचा सरासरी पाऊस ८५० मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्या एका दिवसात महिन्याच्या सरासरीहून जास्त पाऊस पडला. २००५ हे वर्ष १९९१ ते २०२० या काळात येते. मग जुलैच्या सरासरीत त्या दिवसाचा वाटा किती? ९४४ भागिले ३०, म्हणजे साधारण ३१ मिलिमीटर. ज्या दिवसाने शहर बुडवले, तो सरासरीत एवढासाच उरतो.

प्रश्न ३. हवामान म्हणजे फक्त सरासरी.

वरचा हिशेब केलेल्याला हे वाक्य आता खटकायला हवे. सरासरी तीच राहूनही हवामान बदलू शकते. महिन्यात तीस दिवस रोज १० मिलिमीटर पाऊस पडला काय आणि तीन दिवस प्रत्येकी १०० मिलिमीटर पडून सत्तावीस दिवस कोरडे गेले काय, बेरीज ३०० च. शेताला आणि गटाराला मात्र दोन्हींतला फरक बरोबर कळतो. म्हणून हवामानात सरासरीबरोबर तिच्याभोवतीचा चढउतारही मोजावा लागतो. टोकाच्या घटना किती वेळा घडतात, हाही हवामानाचाच भाग आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, तर मान्सूनचा एकूण पाऊस कमी होत गेला. नुसती सरासरी पाहणाऱ्याला यातले अर्धेच चित्र दिसले असते.

प्रश्न ४. यंदा कडाक्याची थंडी पडली, मग तापमानवाढ कुठे आहे?

चूक, आणि याला फार जागा द्यायची गरज नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. उद्या तो पुन्हा तिथवर उतरला, तरी १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले हे बदलत नाही. आणि १९०१ पासूनच्या नोंदींत देशासाठी २०२४ हे सर्वात उष्ण वर्ष ठरले. एका पहाटेचा स्वेटर शंभर वर्षांच्या नोंदींना उत्तर देऊ शकत नाही.

प्रश्न ५. पुढच्या आठवड्याचे सांगता येत नाही, ते २०५० चे काय सांगणार?

हा सर्वात हुशार गैरसमज आहे, आणि वर्गात तो विचारणाऱ्याला गप्प बसवू नये.

१९६१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवेचे एक सोपे गणित चालवत होते. जुनी आकडेमोड पुन्हा मध्यापासून सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही उत्तरे जुळली, पण पुढे ती एकमेकांपासून इतकी दूर गेली की ओळखही पटेना. सुरुवातीच्या मोजमापातली इवलीशी चूक हवेच्या अंदाजात दिवसागणिक वाढत जाते, हे त्यातून दिसले. म्हणूनच एका दिवसाचा, एका ठिकाणचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे भरवशाचा राहत नाही.

पण पुढच्या वर्षी पावण्यात जानेवारीपेक्षा जुलैमध्ये जास्त पाऊस पडेल, हे कोणीही आज पैज लावून सांगेल. त्यासाठी १९ जुलैला पाऊस आहे का हे माहीत असावे लागत नाही. सूर्य, समुद्र आणि जमीन यांच्या मांडणीवरून ते ठरते. २०५० बद्दलचे विधान याच जातीचे आहे. त्यात ‘अमुक तारखेला छत्री घ्या’ असे नसते. हवेत कार्बन डायऑक्साइड इतका वाढला तर सरासरी आणि टोके कुठे सरकतील, एवढेच असते. त्यातही मर्यादा आहेत. तापमानाबद्दल अशी गणिते जेवढ्या ठामपणे बोलतात, तेवढ्या ठामपणे एखाद्या तालुक्याच्या पावसाबद्दल बोलत नाहीत.

प्रश्न ६. पावण्यातल्या कारखान्यांच्या धुरामुळे पावण्याचे हवामान बदलले.

अर्धे बरोबर म्हणावे, तर तेही धीराने. डिसेंबरच्या पहाटे या पट्ट्यात धुरकट थर दिसतो, तेव्हा रात्री जमीन लवकर थंड झालेली असते आणि जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसलेले असते. धूर वर जाऊ शकत नाही. ऊन चढले, वारा सुटला की झाकण उघडते. ही हवा आणि प्रदूषण यांची गोष्ट आहे, आणि तिचा त्रास खरा आहे.

कार्बन डायऑक्साइड मात्र दिसत नाही, वास देत नाही, आणि पावण्यात थांबतही नाही. चिमणीतून निघालेला हा वायू जगभरच्या हवेत मिसळतो आणि त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे टिकतो. काजळी मात्र पहिल्या चांगल्या पावसात धुतली जाते. त्यामुळे पावण्याचे हवामान इथल्या चिमण्यांनी जेवढे बदलेल, तेवढेच दूरच्या एखाद्या देशातल्या चिमण्यांनीही. इथे खास स्थानिक आहे ते डांबर, काँक्रीट आणि पत्र्याची छपरे दिवसभर साठवतात ती उष्णता.

सहापैकी चार बरोबर आले असतील तर एक जादा प्रश्न घ्या. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२० मध्ये हवामान विभागाने ती ८ ऑक्टोबर केली. ही तारीख एका वर्षावरून आलेली नाही, ती अनेक दशकांच्या नोंदींची आहे, म्हणून हे हवामानाचे विधान आहे. मग हवामान बदलले असे म्हणायचे का? घाई नको. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर, तुलनेने कमी केंद्रांच्या आधारे काढल्या होत्या, नव्या तारखा अलीकडच्या दशकांच्या अधिक दाट नोंदींवर. नऊ दिवसांच्या या फरकात पाऊस किती सरकला आणि मोजपट्टी किती बदलली, हे वेगळे करूनच पाहावे लागेल.