अ‍ॅग्रो रागीट नाही आणि स्मर्फ गोड नाही



मधल्या सुट्टीत चौथी-पाचवीच्या मुलांच्या गप्पा कान देऊन ऐकल्या तर काही शब्द हमखास कानावर पडतात. नर्फ, बफ, स्मर्फ, अ‍ॅग्रो. हे सगळे मोबाईल आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांतले शब्द आहेत. आपण मोठी माणसं त्यांचा अर्थ आवाजावरून लावतो. 'अ‍ॅग्रो' ऐकलं की वाटतं, पोरगं मारामारीचं बोलतंय. 'स्मर्फ' ऐकलं की टीव्हीवरची ती निळी बुटकी माणसं आठवतात आणि आपण निर्धास्त होतो. माझं स्पष्ट मत असं आहे की आपण इथे बरोब्बर उलटं ऐकतो. जो शब्द ऐकून आपण दटावतो तो बहुतेक वेळा सोबत्यांना वाचवण्याचा असतो, आणि ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो त्यात खरी लबाडी असते. कसं ते एकेक करून पाहू.

आधी सोपी जोडी घेऊ. खेळ बनवणारी कंपनी अधूनमधून खेळात बदल करते. एखादं शस्त्र किंवा पात्र फारच जड होत असेल तर त्याची ताकद कमी करते, याला म्हणतात 'नर्फ'. दुबळ्या शस्त्राची ताकद वाढवली तर तो 'बफ'. नर्फ हे मुळात अमेरिकेतल्या फोमच्या मऊ खेळण्यांचं नाव. १९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळात तलवारींची ताकद कमी केली, तेव्हा खेळाडू कुरकुरले की आता आम्ही जणू फोमच्या काठीनेच लढतोय. तिथून हा शब्द रुळला असं सांगतात. बफचा आणखी एक अर्थ आहे. खेळ चालू असताना थोड्या वेळापुरती मिळणारी जास्तीची ताकद, तिलाही बफच म्हणतात.

नर्फ म्हणजे नेमकं काय होतं ते एका उदाहरणातून बघा. 'काउंटर-स्ट्राइक' या खेळात 'एडब्ल्यूपी' नावाची लांबून नेम धरायची बंदूक आहे. तिची एक गोळी डोक्याला किंवा धडाला बसली की समोरचा बाद. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने तिच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १० वरून ५ केल्या. एका गोळीत बाद करण्याची ताकद मात्र तशीच ठेवली. म्हणजे नेम चांगला असेल त्याचं फारसं बिघडलं नाही, अंदाधुंद गोळ्या उडवणाऱ्याची पंचाईत झाली. म्हणून मूल जेव्हा म्हणतं, "माझी बंदूक नर्फ झाली म्हणून मी हरलो," तेव्हा एकच प्रश्न विचारा, "नक्की काय बदललं?" आकडा सांगता आला तर तक्रारीत तथ्य असू शकतं. सांगता आला नाही तर 'अंगण वाकडं' म्हणण्याचाच तो प्रकार.

आता अ‍ॅग्रो. हा शब्द आक्रमकता या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला, पण खेळात ती आक्रमकता बहुधा राक्षसाची असते, मुलाची नव्हे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ घेऊ. त्यात गट करून मोठ्या राक्षसाशी लढतात. जाड चिलखत घातलेला एकजण पुढे उभा राहतो, त्याला 'टँक' म्हणतात. मार देणारे वेगळे आणि जखमा भरून काढणारा 'हीलर' वेगळा. राक्षस कोणाला मारणार, हे ठरवायला खेळ प्रत्येकाच्या नावावर रागाचे गुण मांडतो. जितका मार द्याल तितके गुण वाढतात. जखमा भरल्या तरी वाढतात, पण त्यांचा हिशेब साधारण निम्म्याने होतो. राक्षसाचा मोर्चा ज्याच्याकडे, त्याच्यावर अ‍ॅग्रो आहे असं म्हणायचं.

समजा टँकच्या नावावर १००० गुण आहेत. जवळून लढणाऱ्याचे गुण ११०० च्या वर गेले की राक्षस टँकला सोडून त्याच्याकडे वळतो. लांबून लढणाऱ्याला ही सीमा १३०० ची. आता एखाद्या उतावळ्याने टँकचे गुण जमायच्या आतच जोरदार हल्ला सुरू केला तर काय होईल? राक्षस तोंड फिरवून त्याच्यावर येतो. त्याच्याकडे चिलखत नाही, तो दोन फटक्यांत आडवा. त्याला वाचवायला हीलर धावला की पुढचा नंबर हीलरचा, आणि मग सगळा गटच बाद. म्हणून "मी अ‍ॅग्रो घेतो, तू मागे थांब" याचा अर्थ "मार मी खातो, तू सुरक्षित राहा" असा आहे. आणि "अरे, तू अ‍ॅग्रो खेचलास!" ही घाई केल्याबद्दलची तक्रार आहे. एक मात्र लक्षात ठेवा. बंदुकांच्या काही खेळांत 'अ‍ॅग्रो खेळणं' म्हणजे थेट अंगावर धावून खेळणं असाही अर्थ होतो. म्हणून खेळ कोणता ते आधी विचारा.

राहिला स्मर्फ. ही निळी बुटकी माणसं बेल्जियमच्या पेयो या चित्रकाराने १९५८ मध्ये काढली. त्यांचा या लबाडीशी काही संबंध नव्हता. १९९६ च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट २' खेळणारे दोघेजण इतके तरबेज होते की त्यांचं नाव दिसताच समोरचे खेळायलाच नकार द्यायचे. मग त्यांनी या चित्रकथेतली नावं घेऊन नवी खाती उघडली, नवखे असल्याचं सोंग केलं आणि लोकांना हरवलं. तेव्हापासून, कमी दर्जाच्या खात्यामागे लपून नवख्यांत खेळणाऱ्या तरबेज खेळाडूला स्मर्फ म्हणतात.

आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांतलं उदाहरण देतो. १४ वर्षांखालच्या कबड्डीत १७ वर्षांचा मुलगा खोटं वय सांगून उतरवला तर आपण काय म्हणू? स्मर्फिंग तेच आहे. खेळ प्रत्येकाच्या हार-जितीवरून दर्जा ठरवतो आणि बरोबरीच्या खेळाडूंशी जोडी लावतो. नव्या खात्याचा दर्जा माहीत नसतो, म्हणून तरबेज खेळाडूही सुरुवातीला कमी दर्जाच्यांत जाऊन बसू शकतो. जिंकत गेला की आपोआप वर ढकलला जातो. पण काहीजण खालीच राहण्यासाठी मुद्दाम हरतात. खरा नवखा मात्र आपण का हरलो हेच न कळल्यामुळे चिडतो, आणि आपण म्हणतो, गेममुळे पोरगं चिडकं झालं.

कंपन्याही याला चेष्टा समजत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये 'डोटा २' खेळातली ९०,००० स्मर्फ खाती बंद केली गेली आणि मूळ खात्यावरही कारवाई होऊ शकते असं बजावलं गेलं. पण एक सामना वाईट हरला म्हणून समोरचा स्मर्फच होता असं नाही. खातं अगदी नवं, खेळ मात्र मुरलेला, आणि असं अनेक सामन्यांत दिसलं, तरच शंका घ्यावी.

तेव्हा पालकहो, "मी अ‍ॅग्रो घेतो" ऐकलं की लगेच मोबाईल हिसकावू नका. पण "आज स्मर्फ आयडीवर खेळतोय" असं ऐकू आलं तर जवळ बसून विचारा, "समोर कोण होतं रे? त्याला खेळायला मजा आली असेल का?" वय चोरणाऱ्या मुलाला आपण मैदानावर जे समजावून सांगू, तेच इथेही सांगायला हवं.