जन्मसालाचा शिक्का

‘मिलेनियल म्हणजे नोकरीत न टिकणारे’ हे वाक्य हिंजवडीत सर्रास कानावर येतं. या अंकात आम्ही तेच तपासायला घेतलं आहे. १९८१ ते १९९६ ही जन्मसालांची चौकट रूढ केली अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने, तीही तिथल्या समाजासाठी. आपल्या मुळशी तालुक्यात १९९० साली जन्मलेले दोघे घ्या. एक हिंजवडीत संगणकासमोर, दुसरा ताम्हिणीकडे भातलावणीच्या चिखलात. दोघांवर शिक्का मात्र एकच!

समजा, आजचे अठ्ठावीस वर्षांचे तरुण भराभर नोकऱ्या बदलतात असं पाहणीत दिसलं. हा गुण पिढीचा, वयाचा की सध्याच्या नोकरीबाजाराचा? एकाच वेळच्या पाहणीतून ते कळूच शकत नाही. त्यासाठी १९९५ सालचे अठ्ठावीस वर्षांचे तरुण शेजारी ठेवावे लागतात, आणि तरीही काळाचा परिणाम वेगळा काढणं अवघडच. २०२१ मध्ये फिलिप कोहेन आणि इतर समाजशास्त्रज्ञांनी प्यूला पिढ्यांची अशी नावं सोडण्याची जाहीर विनंती केली. २०२३ मध्ये प्यूने ती जपून वापरायचं ठरवलं.

तुमच्या घरात, कामावर असा शिक्का कुणावर बसला? आम्हाला जरूर लिहा.