फवारणीची विषबाधा: आधी काय, मग काय, हे आपल्या बोलीत सांगू या

नंदुरबार जिल्ह्यात पावरी, भिली, मावची, कोकणी, गुजरी आणि अहिराणी बोलणाऱ्या जाणत्या माणसांना, कृषी सेवा केंद्रांच्या चालकांना, आशा ताईंना, शिक्षकांना आणि मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे आवाहन आहे. कापूस, मिरची किंवा पपईवर औषध फवारताना मजुराला बाधा झाली, तर गाडी येईपर्यंत काय करायचे याच्या सूचना त्याच्या बोलीत हव्यात. मात्र शब्द बोलीत आले म्हणजे काम झाले, असे समजू नका. या सूचनांमध्ये कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर हेच खरे सांगायचे असते. भाषांतरात सर्वांत आधी तेच हरवते.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यातल्या अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र करून मारली होती. बाटलीवर सूचना नव्हत्या असे नाही. कीटकनाशक नियम, 1971 नुसार विषबाधेची लक्षणे आणि प्रथमोपचार माहितीपत्रकात द्यावेच लागतात, तेही हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील एक-दोन प्रादेशिक भाषांत. पण बारीक अक्षरातले ते घडीचे पत्रक बहुधा मालकाच्या घरी बाटलीसोबत राहते आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या हाती औषध येते ते पाण्यात कालवलेले. त्यातच 2011 च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आणि साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. छापील मराठी इथल्या अनेक मजुरांसाठी दोनदा परकी आहे: एकदा भाषा म्हणून, एकदा लिपी म्हणून.

आता क्रम पाहू. माणसाला आधी फवारलेल्या शेतातून बाहेर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला न्यायचे. सोडवणाऱ्याने हाताला निदान प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतात. मग भिजलेले कपडे, चपला आणि कमरेचा पट्टा उतरवायचा. त्यानंतर साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवायची, पण जोराने घासायचे नाही. डोळ्यात औषध गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर धरायची. त्यासाठी बाकीचे संपायची वाट पाहायची नाही. कपडे आधी आणि पाणी नंतर, याला कारण आहे. प्रोफेनोफॉस किंवा मोनोक्रोटोफॉससारखी औषधे कातडीतूनही शरीरात जातात. ओला सदरा अंगावर असेपर्यंत ते चालूच राहते. वरून पाणी ओतले तर कापडातले औषध आणखी खाली पसरते. घाम सुटणे, लाळ आणि अश्रू वाहणे, उलटी, स्नायू फडफडणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे ही लक्षणे दिसली की औषध आत पोहोचले, असे समजावे.

एखाद्या पत्रकात असे वाक्य असू शकते: ‘वैद्यकीय मदत घेण्यापूर्वी त्वचा साबणाने धुवावी, मात्र त्याआधी दूषित कपडे उतरवावेत.’ व्याकरणात काही चूक नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानावर आधी दवाखाना पडतो, मग साबण, मग कपडे, म्हणजे करायच्या कामाचा नेमका उलटा क्रम. घाबरलेला माणूस ऐकेल तसे करत जातो. ‘त्याआधी’ ऐकून मागे जाऊन क्रम लावायची उसंत त्याला नसते. म्हणून हेच असे सांगावे: ‘शेताबाहेर न्या. कपडे काढा. साबणाने धुवा. दवाखान्यात न्या.’ एका वाक्यात एकच काम, आणि वाक्ये कामाच्याच क्रमाने. ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘खेरीज’ हे शब्द शक्यतो गाळावेत. मनाईही जिथे हात चुकेल त्या जागीच घालावी. औषध तोंडात गेले की लोक मिठाचे पाणी पाजून उलटी करवायला धावतात, तेव्हा त्याच टप्प्यावर ‘उलटी करवू नका’ म्हणावे. पुष्कळ औषधे खनिज तेलासारख्या द्रावकात असतात आणि उलटीतून ते फुप्फुसात शिरले तर तिथे सूज येते. ‘डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज’ असे जोडले, तर शेतात डॉक्टर नसताना ऐकणारा त्यातून वाट काढू पाहतो. शुद्ध नसलेल्यासाठी अट आधी, कृती मागून: ‘शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा. तोंडात काही घालू नका.’

प्रत्येक औषधाचा उपाय वेगळा, मग सगळ्यांना एकच सूचना कशी, असे कोणी विचारेल. दवाखान्यातला उपाय वेगळा असतो हे खरे. ऑर्गनोफॉस्फेटच्या बाधेत डॉक्टर अॅट्रोपिन देतात. डायफेन्थियुरॉनला विशिष्ट उतारा नाही. पण शेतातली पहिली कामे जवळपास सारखीच. म्हणूनच सूचनेच्या शेवटी ‘बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या’ हे हवे, आणि दोन औषधे मिसळली असतील तर दोन्ही. धुण्यात वेळ दवडण्यापेक्षा थेट दवाखाना गाठावा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. श्वास अडखळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर गाडी थांबवून ठेवायची नाही. जमेल तेवढे कपडे उतरवून निघायचे. एरवी एकाने 108 ला फोन करायचा आणि दुसऱ्याने तेव्हाच कपडे उतरवायचे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर रुग्णवाहिका यायला लागणारा वेळच धुण्याला मिळतो. चित्रे पुरेत, असेही म्हटले जाते. चित्राने वस्तू कळते, क्रम मात्र कळतोच असे नाही. म्हणून चित्रांवर ठळक आकडे घालावेत आणि आवाजही जोडावा.

एक अडचण भाषांतरकार टाळतात: शेतात बाईने कपडे कसे काढायचे? पाणी वाहणे, औषध कालवणे ही कामे बायाही करतात. ‘कपडे काढा’ एवढेच म्हटले तर ती सूचना त्यांच्या बाबतीत पाळली जाणार नाही. आधी ‘दोघींनी चादर धरा’ हे वाक्य हवे आणि ती चादर, साबणाची वडी आणि पाण्याचे पिंप फवारणीपूर्वीच बांधावर असले पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे.

भाषांतर झाले की कागदावर तपासू नका. ज्याने ते आधी ऐकलेले नाही अशा मजुराला ते एकदाच वाचून दाखवा आणि जुना सदरा, पाण्याची बादली, साबण समोर ठेवून करून दाखवायला सांगा. सदरा न काढता त्याने पाणी ओतले तर वाक्य चुकले, माणूस नव्हे. ते बदला आणि दुसऱ्या माणसावर तपासा. पावरीत धडगावचे बोलणे आणि तोरणमाळचे बोलणे जुळत नसेल, तर दोन्हीकडे वेगळे करा. लिपी देवनागरीच चालेल. मग त्या गावच्याच आवाजात ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. कृषी सेवा केंद्रांनी औषधाची बाटली देताना ते ऐकवावे. आशा ताईंनी आणि शिक्षकांनी पोळ्याच्या आत, म्हणजे कापसावरची मोठी फवारणी सुरू होण्यापूर्वी, पाड्यावर सगळ्यांकडून एकदा करवून घ्यावे. जे गुजरातेत मजुरीला जातात, त्यांना निघण्यापूर्वी ते मोबाईलमध्ये घालून द्यावे.