पैसे मिळत नाहीत, मग जुगार कसा?

जुम्म्याच्या नमाजीनंतर भाच्याला विचारलं, मोबाईलवर काय चाललंय? म्हणाला, "तीन पत्ती. पण मामू, यात पैसे मिळतच नाहीत. मग जुगार कसा?"

पैसे मिळत नाहीत हे खरंच आहे. जातात मात्र नक्की. मशीनवर जुगार खेळणाऱ्याला निदान लावलेल्या रकमेतलं काहीतरी परत येतं. या ॲपमध्ये नाणी विकत घेतली की त्यातला एक रुपयाही परत येत नाही, तुम्ही कोटभर नाणी जिंकलात तरी. कुरआनात जुगारात लोकांसाठी काही फायदे असल्याचं म्हटलं आहे, आणि गुनाह त्याहून मोठा असल्याचंही. इथे खेळणाऱ्याच्या वाट्याला तो फायदाही उरत नाही.

मग लोक पैसे का भरतात? समजा, सुरुवातीला दहा लाख नाणी फुकट मिळाली. पाच हजारांच्या डावाने दोनशे डाव होतात. मजा येते. मग पुढच्या टेबलावर किमान डाव पन्नास हजारांचा. तिथे तेवढीच नाणी वीस डावांत संपू शकतात. काही तासांनी लाखभर नाण्यांचा बोनस येतो, म्हणजे दोन डाव. नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर 'फक्त ८९ रुपयांत' झळकतं. 'फुकट' हा शब्द फक्त पहिल्या दिवसापुरता असतो.

अमेरिकेत 'बिग फिश कॅसिनो' या खेळावर नेमका हाच वाद कोर्टात गेला होता. कंपनीचं म्हणणं होतं की चिप्सचे पैसे होत नाहीत, म्हणून त्यांना मोल नाही. २०१८ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ते फेटाळलं. चिप्स संपल्या की खेळ थांबतो, म्हणजे चिप म्हणजे पुढे खेळण्याचा हक्क, आणि वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात तो हक्क 'मोल असलेली वस्तू' ठरतो. म्हणून तो खेळ तिथल्या कायद्याने बेकायदा जुगार. पुढे २०२० मध्ये १५.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. अर्थात हा निकाल त्या एका राज्याच्या कायद्यावर उभा आहे, इतर राज्यांच्या कायद्यांवर अशाच खटल्यांत कोर्टांनी उलटही निकाल दिले आहेत.

आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून काही कमावण्याच्या आशेवर आहे. या ॲपवाल्यांचा बचाव नेमका तिथेच: आम्ही काही देतच नाही! लुबाडणुकीत काहीच परत न देणं हाच बचाव व्हावा, हे अजब आहे.

भाच्याशी वाद घातला नाही. प्ले स्टोअरमधली त्याची खरेदीची यादी उघडायला लावली. ८९, ८९, १७९, पुन्हा ८९. त्यातल्या तीन तर एकाच रात्री, दोन वाजल्यानंतर. बेरीज त्यानेच केली. चार महिन्यांचे ६,३०० रुपये. त्याचा पगार चौदा हजार.